विडीची ड्युटी, साबणाची ड्युटी

सेलूला मी एक्साइज इन्स्पेक्टर होतो, तेव्हा महागाई दरसाल वाढायची. तिथले विडी कारखान्याचे मालक आणि साबण कारखान्याचे मालक एकमेकांचे साडू. एकदा दोघं मिळून ऑफिसात आले.

साबणवाले कुरकुरले, "साहेब, तेल महागलं म्हणून साबणाचा भाव वाढवला, तर ड्युटीबी वाढली."

मी म्हणालो, "तुमची ड्युटी किमतीवर शेकडा आहे. समजा शंभराला दहा, तर दीडशेला पंधरा होणारच."

विडीवाले मिशीत हसले. "आमची हजार विड्यांमागं ठरलेली हाय. भाव कितीबी चढू द्या, ती हलत न्हाई. साडूभाऊ, तुमी विड्याच वळा आता."

विडीच्या किमतीत कराचा वाटा घटत चालला होता. मला ते दिसायचं, पण दर ठरवणारे दिल्लीत.

पुढच्या बजेटात हजारामागची ड्युटी वाढली. दुसऱ्या दिवशी विडीवाले साडूंना घेऊन ऑफिसात आले. साबणवाल्यांनी त्यांच्यापुढं चहा सरकवला आणि मायेनं म्हणाले, "आमाला रोजची सवय हाय. तुमाला एकदम लागलं असंल."

विडीवाले चहा फुंकत म्हणाले, "लागलं थोडं. पण आता ही ड्युटी परत कधी वाढंल? तवर मी चारदा भाव वाढवतो."