डब्याची ओटी

यंदाची बारा फेब्रुवारी, गुरुवार. हमाली ठरली आठ हजार रुपये. दिग्रसच्या आमच्या कापसाच्या जिनिंगच्या आवारात हजर होते ते असे: मालक, मालकांची आई म्हणजे आम्हा सगळ्यांची माय, नागपूरहून आलेला माल पाठवणारा एजंट, हमालांचे मुकादम चाचा आणि मी, म्हणजे हिशेबनीस.

आमच्या गाठी पूर्वीही परदेशी जात, पण त्या मुंबईच्या व्यापाऱ्याच्या नावावर. इथून ट्रकने गोदीत, गोदीतून गुदामात, गुदामातून जहाजात. दर ठिकाणी हमाल गाठीत लोखंडी आकडा मारी आणि कापूस सांडे. ते भरून होईपर्यंत जहाज धक्क्याला दिवसच्या दिवस बांधलेलं. आता चाळीस फुटी लोखंडी डबा ट्रेलरवरून आमच्याच दारात येतो. इथे भरायचा, इथेच सील लावायचं, नागपूरच्या डेपोतून रेल्वेनं बंदरावर. तिथे क्रेन अख्खा डबा उचलते. एजंट सांगत होता, नव्या बंदरांना धक्क्यालगत गुदामं नकोतच, डबे रचायला मोकळं मैदान हवं आणि मोठ्या जहाजांसाठी खोल पाणी हवं.

मालकांच्या स्वतःच्या नावावरचा हा पहिलाच डबा होता, चितगावच्या सूतगिरणीसाठी. रात्री नऊच्या आत तो डेपोत पोचला नाही तर गाडी चुकणार, गाडी चुकली की जहाज, आणि जहाज चुकलं की गिरणी सौदा मोडायला मोकळी.

सकाळी दहाला दार बंद झालं, सील लागलं, नंबर कागदांवर चढला. माय खुर्चीवर बसून बघत होती.

"डबा सरळ बांगलादेशात जाते का रे?"

"नाही माय, आधी कोलंबोला," एजंट म्हणाला. "तिथे दुसऱ्या जहाजावर चढतो, मग चितगाव."

"बांगलादेश वर हाय न् हा खाली कायले चालला?"

"मोठी जहाजं प्रत्येक बंदरात थांबत नाहीत. कोलंबोला सगळीकडचे डबे गोळा होतात. एसटी नाही का, पुसदला उतरून बदलावी लागते."

"बरं झालं मंग," माय म्हणाली, "एवढ्या लांबच्या वाटेले ओटी रिकामी नाही पाठवली."

मालकांच्या हातातला चहा तिथेच थांबला. "कोणती ओटी?"

"सकाळी डबा रिकामा होता न, तवा आतल्या भिंतीजवळ ठेवली. तांदूळ, नारळ, हळकुंड, खण. पोरगी सासरी चालली का असाच पाठवते का कोणी?"

एजंटानं डोक्याला हात लावला. कागदांवर फक्त कापूस होता. तिकडे दार उघडल्यावर तांदूळ-नारळ निघाले असते तर अख्खा माल अडकला असता. नारळ फुटून हळदीचा डाग गाठीला लागला असता तर भरपाईची मागणी वेगळी. आणि ओटी सगळ्यात आत, तिच्यापुढे दीडशेच्या वर गाठी.

"काढा," मालक म्हणाले. मुकादम चाचा तेव्हा जेवायला घरी गेले होते. सील कापलं. मी हमालांना उतरवण्याचा वेगळा दर कबूल केला. ते एक अक्षर न बोलता गाठी काढू लागले. मालक दर पाच मिनिटांनी घड्याळ बघत होते आणि दर सहा मिनिटांनी मायकडे.

निम्म्या गाठी बाहेर आल्यावर चाचा आले. "भरला डबा काहून काढून राह्यले?"

"आत नारळ आहे, चाचा!" मालक ओरडले.

"कोणता नारळ? तो सकाळीच फोडला. पोरायनं खोबरं खाल्लं."

मालक वाफेच्या इंजिनासारखे झाले. "आणि तांदूळ?"

"तुम्हीच तं सांगतलं, भरायच्या आधी डब्यात काडी राहू नाही. झाडून घेतला. तांदूळ बकरीले टाकला. खण घरी दिला, हळकुंडासंगट. मले वाटलं, मायनं आमच्यासाठीच ठेवलं."

मालक हमालांकडे वळले. "तुम्ही खाल्लं न रे? मग बोलले काहून नाही?"

त्यांतला सगळ्यात आडदांड गडी गाठीवर टेकून म्हणाला, "शेठ, नारळाचं कोणी पुसलंच नाही. गाठी काढा म्हटलं, काढून राह्यलो. दर बी बरा होता."

माय एवढी हसली की खुर्ची डुगडुगली. एजंट मात्र आत शिरला, मोबाइलच्या उजेडात भिंतीच्या कडेपर्यंत जितकं दिसलं तितकं बघून आला आणि म्हणाला, "स्वच्छ आहे." गाठी पुन्हा चढल्या, नवं सील लागलं, जुना नंबर खोडून नवा कळवला. ट्रेलर दोनच्या सुमारास निघाला. साडेआठला एजंटाचा डेपोतून फोन आला, डबा आत घेतला.

शेवटी दिले ते असे: मुकादम चाचांना ठरलेली हमाली आठ हजार, उतरवण्याचे आणि पुन्हा चढवण्याचे चार हजार, एजंटाला नव्या सीलचे सहाशे.