वधूच्या विनंतीवरून

शेफालीच्या रिसेप्शनला टोस्टचं खूळ तिच्याच डोक्यातलं. दारूचा थेंब नाही, नुसते पन्ह्याचे ग्लास. पण सूत्रसंचालकाने नियम पक्के बजावले होते. आधी आपण कोण ते सांगायचं, मग एखादा किस्सा, मग नवरदेवाशी दोन शब्द आणि शेवटी ग्लास उंच. तोवर कोणी घोट घ्यायचा नाही.

जिवलग मैत्रीण म्हणून दीपालीने ते भाषण आठवडाभर घासूनपुसून लिहिलं आणि शेफालीला पाठवलं. आज सकाळी ते परत आलं, कात्री लावून. येरवडा गेला, वस्ती गेली, दीपालीची आई सुशीलाबाई तर मुळासकट गेली. सोबत निरोप होता की सासरचे जुन्या वळणाचे आहेत, जातीवरून प्रश्न निघतील, तेव्हा फक्त ‘ऑफिसमधली मैत्रीण’ म्हण. आईला आमंत्रण का नव्हतं, ते दीपालीला आत्ता कुठे कळलं. तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

तरी ती छान पैठणी नेसून स्टेजवर चढली.

“मी दीपाली, शेफालीची ऑफिसमधली मैत्रीण. आमची ओळख पाचवीत झाली. पाचवीत कसलं ऑफिस, असं विचारू नका. इथे एक वाक्य होतं, ते वधूच्या विनंतीवरून काढलं आहे.”

हॉल हसला. पुणेकरांना असला तिरकसपणा मानवतो.

“दहावीचा अभ्यास आम्ही एकाच घरात केला. कोणाच्या, ते काढलं आहे. पियुषराव, तुमची बायको रुसली की जेवण सोडते. तिला समजावून कोण भरवायचं, तेही काढलं आहे.”

आता हसू विरळ झालं. पियुषने सरळच विचारलं, काढलं ते काय होतं? दीपालीने माईक शेफालीपुढे धरला. शेफालीने आईचं नुसतं नाव घेतलं असतं तरी दीपालीने सगळं माफ केलं असतं.

“काही नाही रे,” शेफाली हसत म्हणाली, “आमची मस्करी चाललीय.”

दीपालीने माईक मागे घेतला. राग इतका होता की आवाज उलट शांत निघाला.

“पाचवीत हिची आई गेली. वडील रात्रपाळीला जायचे. तेव्हापासून कॉलेज संपेपर्यंत ही रोज संध्याकाळी आमच्याकडे जेवली. आम्ही बौद्ध आहोत. माझ्या आईने हिची वेणी घातली, तापात ती हिच्या उशाशी बसली. आज त्या बाईला इथे एक खुर्ची नाही. म्हणून हा ग्लास सुशीलाबाईंच्या नावाने.”

ती एका दमात पन्हं प्यायली. खाली कोणी ग्लास उचलेना. पियुषने बायकोकडे पाहिलं, ग्लास उंच केला आणि घोट घेतला.

सासूबाईंनी सुनेला हळूच विचारलं, या सुशीलाबाई तुझ्या कोण?

शेफालीने दीपालीकडे बघायचं टाळलं. “यांच्या आई,” ती म्हणाली.