दुसऱ्या रात्रीचे तीन हजार

मैत्रिणी तिला फौजदार म्हणत. खरं तर ती कपडे शिवायची, बाजाराच्या मागच्या गल्लीत तिचं छोटं दुकान होतं. पण नाव पडलं ते स्वभावावरून. दुकानदाराने सुटे परत दिले की ती दोनदा मोजणार. नवरा वेळेआधी घरी आला की कामावरून काढलं का विचारणार आणि उशिरा आला तर विचारणारच. नवरा म्हणायचा, "हिच्या माहेरी ताकसुद्धा फुंकून पीत असतील, आणि त्याआधी ते ताकच आहे का ते बघत असतील."

शाळेपासूनच्या चौघी जणी वर्षातून एकदा कुठेतरी बंगला भाड्याने घेऊन राहायच्या. दाताची डॉक्टर बंगला ठरवायची, आगाऊ पैसे भरायची आणि परत आल्यावर हिशोब पाठवायची. बाकीच्या दोघींपैकी एक शाळेत शिकवायची, तिला सगळ्या बाई म्हणत. दुसरी वाचनालयात होती. सगळ्यांना सगळ्या रात्री राहायला जमायचंच असं नाही, म्हणून नियम एकच होता: ज्या रात्री ज्या झोपल्या, त्या रात्रीचं भाडं त्यांच्यात वाटायचं. बाई एकदा म्हणाल्या होत्या, सगळ्यांच्या रात्रींची बेरीज करून तिने सगळं भाडं भागा. फौजदाराने ते चालू दिलं नाही. "मी नसताना तुम्ही ऐसपैस झोपणार, त्याचं मी का भरू?"

या खेपेला बंगला तीन रात्रींसाठी होता, रात्रीचे बारा हजार. पहिल्या रात्री चौघी होत्या. दुसऱ्या दिवशी सकाळी एका गिऱ्हाइकाचा फोन आला, कोट आजच हवा. फौजदार कुरकुरत शहरात आली, कोट पुरा केला, घरी झोपली आणि तिसऱ्या दिवशी दुपारी परत बंगल्यावर गेली. तोवर वाचनालयवाली निघून गेली होती. तिसऱ्या रात्री त्या तिघीच राहिल्या.

आल्या आल्याच तिला शंका आली. जाताना तिचा स्वतःचा जाड कोट खोलीच्या दारामागे टांगलेला राहिला होता. त्याचं वरचं बटण आठवडाभर लोंबत होतं, दुसऱ्यांचे कपडे शिवणारीच्या कोटाचं लोंबायचंच. आता ते घट्ट बसलेलं होतं.

"माझ्या कोटाला कोणी हात लावला?" तिने विचारलं.

"मी लावलं बटण," बाई चहा ओतत म्हणाल्या. "लोंबत होतं म्हणून."

"तू? तुला सुईत दोरा ओवता येत नाही."

"शिकले," बाई म्हणाल्या आणि साखरेचा डबा शोधायला आत गेल्या. साखरेचा डबा टेबलावरच होता.

फौजदाराने रात्री पिशवीतली प्रत्येक वस्तू तपासली. काही गेलं नव्हतं. त्याचाच तिला जास्त त्रास झाला. कोणी तुमच्या खोलीत शिरतं आणि काही नेत नाही, तर मग शिरतं कशाला?

चार दिवसांनी दुकानात बसली असताना डॉक्टरचा हिशोब फोनवर आला. डॉक्टर दहा हजार, बाई दहा, वाचनालयवाली सहा, फौजदार सात. तिने आधी स्वतःचं पाहिलं. पहिल्या रात्रीचे चौघीत तीन हजार, तिसऱ्या रात्रीचे तिघीत चार. सात बरोबर होते. दुसरी कोणी असती तर पैसे पाठवून मोकळी झाली असती. हिने सगळ्यांची बेरीज केली.

तेहतीस. आणि भाडं तर छत्तीस.

दुसऱ्या रात्री तिघीच होत्या म्हणजे प्रत्येकीला चार हजार यायला हवे होते. तिघींनीही तीनच धरले होते. तिच्या मनात शंकेची पाल चुकचुकली. मालकाने तीन हजार सोडले असणार आणि या तिघींनी आपसात वाटून घेतले असणार. मला कळवलं नाही, कारण मी माझा हिस्सा मागितला असता. मागितलाच असता. इतक्या वर्षांची मैत्री, आणि हजार-हजारासाठी मला वगळता? तिला पैशांचं नव्हे, वगळण्याचं इतकं लागलं की मापाची टेप हातातच राहिली आणि समोरचं गिऱ्हाईक हात पसरून उभं राहिलं.

गिऱ्हाईक गेल्यावर तिने बंगल्याच्या मालकाला फोन केला.

"सूट? छे हो ताई," मालक म्हणाला. "पुरे छत्तीस मिळाले. एक पैसा कमी नाही. का, काही तक्रार आहे का?"

"नाही, चादरी स्वच्छ होत्या," ती म्हणाली आणि फोन ठेवला.

म्हणजे मालकाला पैसे पोचले होते. मग तीन हजार भरले कोणी? डॉक्टरने खिशातून? डॉक्टर तर पार्किंगचे दहा रुपयेसुद्धा चौघींत वाटायची. तिने पुन्हा आकडा पाहिला. रात्रीचे बारा हजार, माणशी तीन. बारा हजार चार जणींत वाटले की तीन येतात.

दुसऱ्या रात्री चौघी झोपल्या होत्या.

ती उठली, खुंटीवरचा कोट काढला आणि दारापाशी उजेडात बटण उलटं केलं. जाड कापडावर बटण दाबून बसू नये म्हणून त्याच्याखाली दोऱ्याचे वेढे देऊन छोटी मान केली होती. बाईंना हे कुठलं ठाऊक असायला. आणि वेढे उलटे होते, डावखुऱ्या हाताचे. असे वेढे तिने या दुकानात अकरा वर्षं शेजारच्या मशीनवर बसणारीच्या हातून पडताना पाहिले होते.

ती शेजारची म्हणजे तिची दुकानातली भागीदार. शाळेतल्या पाच जणींतली पाचवी. नऊ वर्षांपूर्वी एका गिऱ्हाइकाचं महाग कापड दुकानातून नाहीसं झालं, आणि फौजदाराने तिला गिऱ्हाइकासमोरच विचारलं, "तू नेलंस का?" भागीदार मशीनवरून उठली. दुकानाची किल्ली टेबलावर ठेवली आणि गेली. कापड शेवटपर्यंत सापडलं नाही. त्यामुळे माफी मागायची की नाही, हे फौजदाराने ठरवायचंच टाळलं होतं.

तिने डॉक्टरला फोन लावला.

"दुसऱ्या रात्री ती आली होती ना?"

पलीकडे डॉक्टरने कोणालातरी तोंड उघडंच ठेवा असं सांगितलं. मग हळू आवाजात म्हणाली, "तुला कोणी सांगितलं?"

"तुझ्या बेरजेने. खोटं बोलायचं तर माझ्या हिस्शाबरोबर तुमचेही हिस्से जमवायचे होतेस."

"तिने तिचा वाटा हातात ठेवला गं. मग आमच्याकडून जास्त कसे घेणार?" डॉक्टरने दार लोटल्याचा आवाज आला. "तू निघालीस तसा तिला फोन केला. तासाभरात आली. दरवर्षी विचारते, फौजदार कुठल्या दिवशी नाही. तू सगळ्या रात्री राहिलीस की ती येत नाही."

"दरवर्षी?"

"हो."

नऊ वर्षं फौजदार रात्र न रात्र मोजत आली होती, हक्काची एकही सोडायची नाही म्हणून. आणि प्रत्येक रात्र भागीदाराच्या वाट्यातून जात होती. तिला रडू आलं, आणि दुकानात कोणी नव्हतं म्हणून तिने ते आवरलं नाही.

"माझ्या खोलीत झोपली?" तिने शेवटी विचारलं.

"दुसऱ्या खोल्या होत्या. तिनेच ती मागितली. कोट दिसला तशी पिशवीतून सुई काढून बसली. आम्ही म्हटलं, राहू दे, तिला कळेल. तर म्हणाली, कळू दे."

फौजदाराने बटणावरून अंगठा फिरवला. ते हललं नाही.

"तिचा नंबर दे," ती म्हणाली. "आणि पुढच्या वर्षी पाच जणींचा बंगला बघ. सगळ्या रात्री, पाचात सारखे. कोणी उशिरा आलं तरी सारखे."

"तू म्हणतेस हे?"

"मी म्हणतेय. नंबर दे."