दोन ठिपक्यांची बेरीज

मुक्ताबाई नगरच्या एका मदत संस्थेत टायपिस्ट होती. सन १९७३चा उन्हाळा. गावोगाव पाण्यासाठी बोअर मारायला परदेशी इंजिनिअर आले होते. बोअर मारले, माणसं मायदेशी परतली, आणि मागे राहिला पाण्याचा तक्ता. तोही फोटोस्टॅट, म्हणजे फोटोने काढलेली नक्कल; मूळ कागद पुण्याला. कोणत्या गावाला हातपंप द्यायचा याची यादी मोठे कारकून पुंजाराम यांनी त्यावरून आपल्या हाताने उतरवली होती. मुक्ताबाईचं काम फक्त टाइप करायचं.

त्या सकाळी बारा कोस एसटीने येऊन झुंबरबाई टेबलासमोर उभी राहिली. चिंचवाडीची.

"बाई, आमचा बोर फेल कसा गेला? पाइप काढाया आज मानसं यायची म्हनत्यात!"

पुंजारामांनी मान वर केली नाही. "यादीत लिहिलंय, बाई. तासाला दोन पॉइंट चार लिटर. तांब्याभर पाणी! हातपंप बसवून पूजा घालायची का त्याची?"

"तांब्याभर? सायेब, पानी निघालं तवा माजं लुगडं भिजलं हुतं कमरेपोत्तर! त्यो गोरा सायेब सोता हसत हुता!"

"तुझ्या लुगड्यावर शिक्का मारून देऊ का? कागदावर आहे ते खरं."

मुक्ताबाईने फोटोस्टॅट ओढला. वीस गावं, वीस ओळी. चिंचवाडी: खोली ६१,२५ मीटर, तासाला २.४०० लिटर, दिवसाला ५७.६००. मग तिने पुंजारामांची यादी पाहिली. खोली ६,१२५ मीटर.

"साहेब, सहा हजार मीटर खोल?"

"स्वल्पविराम चुकीच्या जागी पडला होता. मी सरकवला."

"सहा हजार मीटर खणून अडीच लिटर पाणी! पाताळातल्या लोकांना विचारलं होतं का?"

झुंबरबाई हसली. पुंजाराम नाही.

"बाई, तुम्ही टायपिस्ट आहात."

हे वाक्य मुक्ताबाईने सात वर्षं ऐकलं होतं, जणू टाइप करणारीने वाचायचंच नसतं. तिने जीभ चावली आणि बोट खोलीच्या आकड्यावर ठेवलं.

"स्वल्पविरामापुढे दोनच आकडे आहेत. आपण हजारांनंतर स्वल्पविराम देतो, तेव्हा पुढे तीन आकडे राहतात. दोन राहतील कसे? म्हणजे हा त्या परदेशी इंजिनिअरांचा दशांश आहे. एकसष्ट पॉइंट पंचवीस मीटर. आणि त्यांचा ठिपका हजाराचा. चिंचवाडीला तासाला दोन हजार चारशे."

"मग बाकी गावांना ठिपके का नाहीत? ही घ्या पिंपरी. २१००. साफ एकवीसशे!"

तिने कागद खिडकीकडे धरला. पिंपरीच्या दोनाच्या पुढे जराशी मोकळी जागा होती, माशीच्या पायाएवढी धूसर खूण.

"फोटोत उडालेत. चिंचवाडीचाच ठिपका गडद उमटलाय. एवढाच त्याचा गुन्हा!"

"अंदाजावर हातपंप देत नाही आपण. तासाचे चोवीसपट दिवसाचे बरोबर येतात. दोन पॉइंट चार, सत्तावन्न पॉइंट सहा. जुळलं!"

तेच तर त्रासाचं होतं. चूक दोन्हीकडे सारखीच वाचली की हिशेब जुळतोच. मुक्ताबाईला रडू येईल की काय असं वाटलं. झुंबरबाई दाराशी उकिडवी बसली होती, दर पाच मिनिटांनी घड्याळाकडे पाहत. घड्याळ तिला वाचता येत नव्हतं.

मग मुक्ताबाईची नजर तळाला गेली. दिवसाच्या रकान्याची एकूण बेरीज जोराने ठोकलेली, ठळक: १.१०४.८००.

"साहेब, हा आकडा वाचून दाखवा."

"एक पॉइंट..." ते थांबले. "एक पॉइंट एकशेचार पॉइंट..."

"एका आकड्यात दोन दशांश?"

पुंजारामांनी चष्मा काढून पुसला. यादीत हाच आकडा त्यांनी जसाच्या तसा उतरवला होता, न वाचता.

मुक्ताबाईने दिवसाचे वीस आकडे पाटीवर मांडतात तसे एकाखाली एक मांडले. चिंचवाडीचे सत्तावन्न पॉइंट सहा धरले, तर बेरीज ५७,५४२.४ लिटरने कमी पडत होती. सत्तावन्न हजार सहाशे धरले, तर पडत नव्हती. उत्तर तिने आपल्या पद्धतीने टाइप केलं: ११,०४,८००.

"अकरा लाख!" झुंबरबाई उठली. "आमचं बी त्यात हाय ना?"

"आहे, मावशी. सत्तावन्न हजार सहाशे."

"मंग पंप कंदी?"

पुंजाराम आता हळू बोलत होते. "या महिन्याचे पंप काल गाडीत चढले. पुढल्या यादीत घालतो."

"म्हंजी माजी घागर अजून महिनाभर तीन मैल? तुमच्या ठिपक्यापायी?"

मुक्ताबाईने पाइप न काढण्याची चिठ्ठी टाइप केली, पुंजारामांसमोर सहीसाठी सरकवली, आणि त्यांनी निमूट सही केली. झुंबरबाई ती पदरात बांधून दीडच्या एसटीकडे धावली. पाइप काढणारे लोक पाना लावत असतानाच ती पोचली, असं नंतर कळलं.

ती गेल्यावर मुक्ताबाईने उरलेल्या फोटोस्टॅटांचा गठ्ठा काढला आणि प्रत्येकाच्या माथ्यावर लाल शाईने लिहिलं: आधी तळाची बेरीज वाचा.

"मलाच उद्देशून ना?" पुंजाराम म्हणाले.

"मी टायपिस्ट आहे, साहेब," ती म्हणाली. "मी नुसतं लिहिते."