भासऱ्यांची बटणं

आमच्या घरात भासरे आणि मी एकमेकांशी बोलत नाही. भांडण नाही, अबोलाही नाही, नुसती रीत आहे. नवऱ्याच्या मोठ्या भावाशी धाकट्या सुनेनं समोरासमोर बोलायचं नसतं. सांगायचंच असेल तर मध्ये कुणीतरी लागतं. जाऊबाई होत्या तोवर त्या होत्या. त्या वारल्यावर ते काम भिंतीकडे आलं. "चहा झाला म्हणा," असं मी भिंतीला सांगायची, आणि "साखर कमी टाका म्हणा," असं ते खांबाला सांगायचे. भिंत आणि खांब दोघंही इमानदार. इकडचा शब्द तिकडे जाताना कधी बदलला नाही.

भासरे पाटबंधारे खात्यात पाटकरी होते, म्हणजे कालव्याची दारं उघडणारे आणि लावणारे. नोकरी संपली, पण हाताची सवय गेली नाही. एकोडीकडच्या आमच्या गावात तलावाचं पाणी कुणाच्या बांधीत, म्हणजे धानाच्या खाचरात, कधी जाईल हे अजूनही तेच ठरवतात. माझा नवरा शेतात दिवसभर राबतो आणि घरात प्रत्येक प्रश्नाला एकच उत्तर देतो, "दादाले विचार." मी दादाला विचारू शकत नाही हे त्याला इतक्या वर्षांत सुचलेलं नाही.

पेन्शन जमा होते त्या बँकेनं भासऱ्यांना नवं कार्ड दिलं आणि साकोलीच्या शाखेतल्या कुणीतरी फोनवर बँकेचं ॲप टाकून दिलं. त्या ॲपमध्ये कार्डाची बटणं असतात. एक भाग देशातल्या वापराचा, दुसरा परदेशातल्या. दोन्हींत एटीएम वेगळं, दुकानातलं मशीन वेगळं, ऑनलाइन वेगळं, आणि मशीनवर कार्ड नुसतं टेकवून पिन न टाकता लहान रक्कम देण्याचं टॅप वेगळं. कार्ड नवं असताना एटीएम आणि दुकानातलं मशीन तेवढं देशात चालू असतं, बाकी सगळं बंद. ज्याला जे हवं ते त्यानं उघडायचं. पाटकऱ्याच्या हाती आणखी काय द्यायचं बाकी होतं? माणसाला पेन्शनमध्ये पुन्हा नोकरी लागली.

दिवेलागणीला ओसरीवर बसून ते बटणं दारासारखी लावायचे, म्हणजे बंद करायचे, आणि मोठ्यानं. "ऑनलाइन बंद. टॅप बंद. परदेश बंद." गावातल्या अर्ध्या लोकांना आमच्या कार्डाची हालहवाल रोज कळत होती. चोरांना ऐकू जाईल हे त्यांच्या मनात आलं नाही, कारण चोर म्हणजे त्यांच्या मते टॅपवाला. कुणीतरी फोनवर पाठवलं होतं की गर्दीत जवळ येऊन उभा राहणारा माणूस खिशातल्या कार्डातून पैसे ओढतो. तेव्हापासून टॅप तर बंदच, वर कार्ड पोळ्या गुंडाळायच्या चांदीच्या कागदात. पुढे साकोलीच्या कापड दुकानात ऐटीत तोच कागद सोडून त्यांनी कार्ड मशीनवर टेकवलं. मशीन नाही म्हणालं. भासरे दुकानदाराला म्हणाले, "तुमची मशीन बिघडली जी." दुकानदारानं मुकाट्यानं कार्ड मशीनच्या खाचेत घातलं, पिन टाकायला सांगितला, पैसे गेले. बाहेर येऊन बरोबरच्या लोकांना म्हणाले, "पाहा, मी समजावून सांगतलं तवा ऐकली."

एकदा सगळी बटणं लावून झाल्यावर मासे विकणारी बाई आली. भासऱ्यांनी सवयीनं तिच्या पाटीवर चिकटवलेल्या क्यूआरच्या चौकटीवर फोन धरला, पिन टाकला आणि पैसे गेले. मग दचकून म्हणाले, "सारंच तं बंद केलं होतं, पैसे गेले कसे?" पोरीनं सांगितलं की यूपीआय कार्डातून जात नाही, थेट खात्यातून जातं. त्यांना ते पटलं नाही. दाराला भोक असलं तर पाटकऱ्याची नाचक्की होते. बराच वेळ ते फोनकडे संशयानं बघत राहिले.

पोरगी माझी. भंडाऱ्याच्या दवाखान्यात नर्स आहे. बाहेरच्या देशात नर्स म्हणून काम करायचं तर तिथल्या नर्सिंग परिषदेची परीक्षा द्यावी लागते. ती परीक्षा नागपूरला देता येते, पण जागा मोजक्या, आणि फी त्या देशाच्या चलनात, त्यांच्याच संकेतस्थळावर. पोरीचं कार्ड फक्त देशात चालणारं, माझंही तसंच. घरात परदेशात चालू शकेल असं कार्ड एकच, आणि ते चांदीच्या कागदात. हातची जागा सुटली तर पुढची केव्हा निघेल, कुणालाच सांगता येत नव्हतं. पोरगी दोन रात्रपाळ्यांच्या मध्ये अभ्यास करून तयार झाली होती. मला नुसती तिची काळजी वाटत नव्हती, रागही येत होता. माझ्या पोरीचं पुढचं आयुष्य त्या माणसाच्या अंगठ्याखाली होतं आणि मी त्या माणसाशी बोलूही शकत नव्हते.

धानाच्या रोवणीचे दिवस. नवरा बांधीत. पोरगी सुट्टी काढून सकाळी घरी आली, नागपूरची एक जागा दिसत होती. तिनं ती निवडली, संकेतस्थळानं सांगितलं की थोडा वेळ धरून ठेवतो, तेवढ्यात पैसे भरा. ती ओसरीवर धावली.

"मोठे बाबा, परदेशवालं चालू करा ना जी."

"करतो, करतो. घाईनं दार उघडलं का पाटाची पाळ फुटते."

त्यांनी ॲप उघडलं. लावताना बटण काही विचारत नाही, एका बोटात लागतं. उघडताना मात्र ॲप पिन विचारतं, बँकेचा ओटीपी विचारतं. ओटीपी आला, तो त्यांनी अंक अंक करून गिरवला, आणि परदेशाच्या भागातलं सगळ्यात वरचं मोठं बटण हिरवं झालं. मग त्यांनी फोन मांडीवर ठेवला आणि तंबाखू मळायला घेतली.

पोरीनं चांदीच्या कागदातून कार्ड काढून त्याचे आकडे टाकले. नाकारलं.

मी स्वयंपाकघराच्या दारात उभी होते. तिथून फोन दिसत होता. परदेशाचं मोठं बटण हिरवं, आणि त्याच्याखाली एटीएम, दुकान, ऑनलाइन, टॅप, चारही करडी. रोज दिवेलागणीला हीच यादी ऐकून मला ती पाठ झाली होती. मोठं उघडलं तरी खालचं ऑनलाइन वेगळं उघडावं लागतं, नाहीतर काही उपयोग नाही.

मी भिंतीला म्हटलं, "खालचं ऑनलाइनचं उघडा म्हणा."

खांबाकडे बघून ते म्हणाले, "ऑनलाइन तं चालूच आहे म्हणा. सकाळीच गॅससाठी उघडलं."

ते खरं होतं. पण ते देशातलं ऑनलाइन, दुसऱ्या भागातलं. त्यानं गॅस येतो, परदेशातली परीक्षा येत नाही.

"परदेशातलं ऑनलाइन वेगळं आहे म्हणा."

"आधी मोठ्या दाराचं पाणी खाली येऊ द्या म्हणा," भासरे म्हणाले. "मंगच लहान दार. दोन्ही एकदम उघडली तं शेवटच्या बांधीले थेंब मिळत नाही. एवढी वर्सं मी काय माशा मारून राहिलो होतो?"

आणि ते खरोखर पाण्याची वाट बघत बसले. कालव्यावर हे बरोबर असेल. वरचं दार उघडायचं, पाट भरू द्यायचा, मग खालच्याला हात लावायचा. या रीतीनं त्यांनी आयुष्यभर शिस्तीनं काम केलं. पण फोनमध्ये पाट भरत नव्हता. भरत होते ते पोरीचे डोळे. धरून ठेवलेली जागा संकेतस्थळ आता सोडायच्या बेतात होतं.

"आई," ती एवढंच म्हणाली.

मी ओसरीवर गेले. पदर सावरला की नाही ते आठवत नाही. भासऱ्यांच्या समोर उभी राहिले आणि त्यांच्या तोंडाकडे बघून म्हटलं, "भाऊजी, फोनमंदी पाणी येत नसते. फोन द्या इकडे."

खांबसुद्धा दचकला असेल. त्यांच्या तळहातावरची तंबाखू तिथंच राहिली. फोन त्यांनी दिला की मी उचलला यावर आमच्या घरात दोन मतं आहेत. मी परदेशाच्या भागातलं ऑनलाइन दाबलं. ॲपनं पिन विचारला. "पिन," मी म्हटलं. त्यांनी फोन हातात न घेता, मान वळवून, बोटानं चार आकडे टाकले. ओटीपी आला, टाकला, बटण हिरवं झालं. त्याच्याशेजारी रकमेच्या मर्यादेची पट्टी होती, ती शून्याजवळ निजली होती. फी पुरेल एवढी ती सरकवली. एटीएम, दुकान आणि टॅपला हात लावला नाही. त्यांची गरजच नव्हती.

पोरीनं पुन्हा आकडे टाकले. या वेळी गेलं. नागपूरची जागा तिच्या नावावर झाली आणि ती माझ्या गळ्यात पडून रडली. मीही रडले, उगाच कशाला खोटं बोलू.

भासरे मात्र फोनकडे बघत होते. "पैसे जाताना ओटीपी काहून नाही आला?"

"बाहेरचे लोक कधी विचारतात, कधी नाही विचारत," पोरगी डोळे पुसत म्हणाली.

"न विचारता पैसे घेतले?" त्यांचा आवाज चढला. आयुष्यभर दारं राखलेल्या माणसाला एवढा मोठा धक्का बसताना मी पाहिलं नव्हतं.

"म्हणून तं काम झालं का लगेच लावायचं," मी म्हटलं. तेही त्यांच्याकडेच बघून. एकदा समोरासमोर बोलल्यावर मला भिंत सापडेना.

दुपारी तलावाच्या पाळीवर ते लोकांना सांगत होते की पुतणीची जागा त्यांनी मिळवली, परदेशाचं दार त्यांनी उघडलं. हे मला बांधीतून आलेल्या नवऱ्यानं कौतुकानं सांगितलं. "दादानं केलं ना बापा!" मी त्याला पोह्यांची ताटली दिली. काही लोकांना सांगण्यापेक्षा पोहे देणं सोपं असतं.

दिवेलागणी झाली. भासरे ओसरीवर बसले. "देशातलं ऑनलाइन बंद. परदेशाचं मोठं बंद." मोठं लावलं की त्याच्याखालची चारही आपोआप निजतात, तेवढं त्यांना कळलं होतं. पोरगी संध्याकाळच्या बसनं भंडाऱ्याला गेली होती, नवरा गोठ्यात. ओसरीवर दुसरं कुणी नव्हतं.

मी दारात जाऊन म्हटलं, "भाऊजी, परीक्षा झाल्यावर अजून एक फी आहे. मंग कागद तपासायची. लावा, रोज लावा, मी नाही म्हणत नाही. पण उघडायचं असंल तवा मले हाक मारा."

ते माझ्याकडे बघत नव्हते. फोन त्यांनी चांदीच्या कागदातल्या कार्डासकट खिशात ठेवला, खांबाकडे मान वळवली आणि हळू आवाजात म्हणाले, "हाक मारीन म्हणा तिले."