शकीलाबीचा होकार

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही. दहावीतली कॉपी मात्र मी तिला लग्नाच्या आधीच सांगून टाकली होती. मग हेच का अडकलं? वाचा, तुम्हाला कळेल.

शकीलाबी अकोल्याच्या बाजारात फुटपाथवर बांगड्या विकते. मी तेव्हा अमरावतीत लग्नांचं शूटिंग करायचो. वऱ्हाडातल्या शेतकऱ्यांच्या आत्महत्यांच्या बातम्यांची ती वर्षं. पुण्याच्या एका संस्थेनं मला छोटी फिल्म करायला सांगितली होती: रस्त्यावरच्या विक्रेत्याचा एक दिवस, सन्मानानं. निवेदन माझं, आवाजही माझा. संहितेत मी लाल पेननं स्वतःलाच दटावून ठेवलं होतं – कॅमेरा खाली ठेव. आधी नाव सांग. कशासाठी, कुठे दाखवणार ते सांग. नाही म्हणाली तर चहा पिऊन निघ.

"इकडं कॅमेरा आला का लोक इचारतात, कोन मेलं?" ती म्हणाली आणि खदखदून हसली. मग म्हणाली, "काढ. पन फुटली म्हनू नोको बापू. आमच्यात बांगडी वाढते."

एवढीच अट. समोर कुणाची बांगडी तडकली, तरी ती "वाढली वं माय" म्हणायची, काच चटकन उचलायची आणि दुसरी घ्यायची. 'फुटली' हा शब्द ज्या दुकानात ऐकू येतो, तिथे सवाष्ण हात पुढे करेल का?

दिवस मोठा मजेत गेला. सकाळी ताडपत्री, त्यावर जुनी सतरंजी, मग एकेक जोड पुसून मापाप्रमाणे मांडायचा. गिऱ्हाईक आलं की मी कॅमेरा बंद करायचो – लाल पेनचा हुकूम – आणि त्यांना वेगळं विचारायचो. एका आजीनं मलाच झापलं, "नाई म्हंजे नाई!" मी वळून उभा राहिलो. बार्शीटाकळीची एक मुलगी लग्नाचा चुडा भरायला आली होती. ती म्हणाली, चेहरा नको, हात चालतील. मी फक्त हात घेतले. शकीलाबीनं साबणाचं पाणी लावलं, अंगठ्याचा सांधा तळव्यात दाबला, "ढिला सोड, ढिला," म्हणत हिरवी बांगडी फिरवत फिरवत चढवली. मुलगी हसली, ते हसू आवाजात आलं. वापरू का, म्हणून तेही विचारलं. बघा, मी किती सज्जन!

निवेदनही तसंच झालं, हसरं. मग संस्थेचा फोन आला. छान आहे, पण यात विदर्भ कुठे दिसतो?

मी काय करायला हवं होतं? हाच विदर्भ आहे, म्हणायला हवं होतं. मी मुलीचं हसू कापलं, खाली सारंगी लावली आणि तिच्या त्या ओल्या हातांवर माझ्या भारदस्त आवाजात बोललो – 'ज्या गावांत रोज बांगड्या फुटतात, त्याच गावांना ही बांगड्या विकते.'

वाक्य मला फार आवडलं. खोटं कशाला बोलू?

पण लाल पेनची शेवटची सूचना राहिली होती – फिल्म दाखव, निवेदन ऐकव, मगच होकार घे. मी अकोल्याला जाऊन तिच्या समोरच्या चहावाल्याच्या टीव्हीवर फिल्म लावली, आवाज बंद केला, स्पीकर बिघडलाय असं सांगितलं आणि शेजारी उभं राहून वाचून दाखवलं. पहिलं निवेदन. हसरं.

हो, हेच ते. भ्यालो म्हणू? नाही, भीती नव्हती. मला माझं वाक्यही हवं होतं आणि तिचा होकारही.

शकीलाबी ऐकून इतकी खूश झाली, की चहाचे पैसे देऊ देईना. मी कॅमेरा चालू केला. ती त्यात बघून म्हणाली, "बराबर हाय. असंच हाय माह्यं. टाक."

तो होकार मी फिल्मच्या शेवटी जोडला. पुण्यात त्या वाक्याला सभागृह चिडीचूप झालं, आणि मग तिचा तो हसरा चेहरा – बराबर हाय, टाक – टाळ्याच टाळ्या. पुढे मला बोलवायला लागले. विषय: संमती कशी घ्यावी. मी गेलो, शिकवलं, हारही घातले गेले.

अकोल्यात अजून कधी त्या रस्त्यानं गेलो, की ती लांबूनच हाक मारते. पुढ्यात बसलेल्या बाईचा हात हातात धरून म्हणते, "बोल नं रे बापू, माह्या फिलिमचं!" मी उभा राहून म्हणून दाखवतो. पहिलं निवेदन. मला ते तोंडपाठ आहे. ती अंगठा दाबते, बांगडी फिरवते, मान डोलावते. संपलं की त्या बाईला कौतुकानं सांगते, "मी हो म्हनलं, तेच बोलला पोरगा."

मी हसून मान हलवतो.