चेअरमनचा बोर्ड आणि गेमचा डबा

दोन वर्षं पेरणी झाली नव्हती, म्हणून सोसायटीचं खताचं गोदाम रिकामं पडलं होतं. त्यातली पुढची खोली माझ्या धाकट्या पोराने भाड्याने घेतली आणि तिथे टीव्ही अन् गेमचा डबा मांडला. पोरं पैसे देऊन त्यावर क्रिकेट खेळायची. बाहेर मैदान होतं, पण प्यायला पाणी नसताना तिथे घाम गाळायची कुणाची तयारी नव्हती.

उद्‌घाटनाला चेअरमनने सोसायटीतर्फे स्पाइक गार्ड भेट दिला. म्हणजे चार भोकांचा पांढरा बोर्ड, लाल दिव्याचा. विजेचा झटका आला तर यंत्र वाचतं म्हणे. त्यावर चेअरमनचा फोटो चिकटवलेला होता. कर्जाच्या नोटिसांचे झटके वाटणाऱ्यानेच झटक्यावरचं औषध द्यावं, याचं मला कौतुक वाटलं.

महिनाभरात डबा मधेच बंद पडायला लागला. कधी अर्ध्या तासाने, कधी बसल्या बसल्या. पोरं पैसे परत मागायची. धाकट्याने तापतो म्हणून टेबलफॅन लावला, सुनेने लिंबू-मिरची बांधली. दोन्हीचा उपयोग सारखाच झाला.

त्यात चेअरमनचा वाढदिवस आला. खोलीत स्पर्धा भरवायची, बटण ते स्वतः दाबणार, असं ठरलं. निरोप घेऊन आलेला सोसायटीचा गटसचिव जाताना म्हणाला, "साहेबांसमोर बंद पडलं तर खोली त्यांच्या मेव्हण्याला सिमेंट ठेवायला देनार हायेत. मंग म्हनू नका, सांगितलं न्हाई."

धाकटा म्हणाला, "आई, खोली गेली की मी पुण्याला जातो." मी म्हटलं, "जा. तिथं तुझीच वाट बघत बसलेत." पण रात्री भाकरी गोड लागली नाही, हे खरं.

धारूरहून मोटार वाइंडिंगवाल्याला बोलावलं. आल्या आल्या न बघताच निदान झालं. "चाची, लाइनच खराब हाय. मोटारी चालू झाल्या की वोल्टेज बसतंय."

"कोनाच्या मोटारी? विहिरीत पानी कुठाय?"

"टँकर भरायची मोटार हाय ना."

मग त्याने डब्याची वायर बदलली, बोर्ड काढून डबा थेट भिंतीच्या दुसऱ्या सॉकेटला लावला. दुपारभर बंद पडला नाही. तो म्हणाला, "झालं."

"काय झालं? वायर खराब होती, का बोर्ड, का पहिलं सॉकेट?"

"चाची, चाललं ना? मंग कशाला?"

"उद्या पुन्हा बंद पडलं तर चेअरमनला तुझं नाव सांगू?"

मग तो खाली बसला. एका वेळी एकच बदलायचं, असं मी ठरवलं. वरणात मीठ, मिरची, चिंच एकदम ओतली तर काय बिघडलं ते कळत नाही. आधी सगळं होतं तसं लावलं. डबा बंद पडला. मग फक्त वायर बदलली. ती दोन्ही टोकांना घट्ट बसली होती, तरी बंद पडला. वायर निर्दोष. मग बोर्ड ज्यात होता त्या भिंतीच्या पहिल्याच सॉकेटला मीटर लावून टँकरची मोटार सुरू होईपर्यंत बसलो. काटा जरा खाली आला, पण डबा चालण्याइतकं वोल्टेज होतं. जुनीच वायर त्याच सॉकेटात थेट लावली. मोटार सुरू झाली, थांबली, डबा चालतच राहिला. पुन्हा बोर्डावर लावला आणि बोर्डाला नुसता धक्का लागला, तर डबा बंद. लाल दिवा मात्र ऐटीत जळत होता, शेजारच्या भोकातला टीव्हीही चालू. म्हणून कुणाला संशय आला नव्हता.

बोर्ड काढून खोलला. डब्याच्या भोकातली पितळी पट्टी सैल होऊन काळी पडली होती.

"मंग दुसऱ्या भोकात लावू?" धाकटा म्हणाला.

"एक जळालं, बाकीचीबी त्याच वाटंवर हायेत. फेकून दे," वाइंडिंगवाला म्हणाला.

"साहेबांचा फोटो हाय बे त्यावर," धाकटा म्हणाला.

फेकता येत नव्हता अन् लावता येत नव्हता. शेवटी टीव्ही आणि डबा दोन्ही भिंतीला लावले. बोर्ड टेबलावर ठेवला, त्याची वायर टेबलाखाली नुसतीच सोडली, आणि विझलेला दिवा दिसू नये म्हणून त्यावर झेंडूचा हार घातला.

वाढदिवशी चेअरमन आले, हाराखाली हात घालून बोर्डाचं बटण दाबलं. त्याच वेळी मी भिंतीचं बटण दाबलं. टीव्ही उजळला, टाळ्या पडल्या. स्पर्धा संध्याकाळपर्यंत चालली, डबा एकदाही बंद पडला नाही. चेअरमनने भाषणात खोली धाकट्याकडेच राहील असं सांगितलं, आणि हे श्रेय सोसायटीच्या बोर्डाचं आहे म्हणाले. असलेच बोर्ड दूध केंद्राला आणि शाळेलाही देणार, हेही जाहीर केलं.

पुढच्या आठवड्यात दूध केंद्रावर बोर्ड आला. मी तिथल्या माणसाला सांगितलं, "फॅट मोजायचं यंत्र भिंतीलाच लाव."

"अन् साहेब आले तर?"

"हार घाल," मी म्हटलं, आणि दूध घालून घरी आले.